पंगत साडेपाचची

यंदा ३० मार्चला, रविवारी, गुढीपाडवा होता. संध्याकाळी गल्लीत गुढ्या उतरत होत्या आणि आम्ही गच्चीवर चंद्र शोधत होतो. समोरच्या काकू गुढीवरची साडी घडी करता करता वर बघून म्हणाल्या, "दिसला का गं? आमचा कालच अवसेचा संपला." मला हसू आलं. त्यांचं चैत्र आणि आमचं शव्वाल एकाच चंद्रावर बेतलेलं, फक्त त्यांना पंचांग आधी सांगतं आणि आम्हाला डोळ्यांनी बघावं लागतं. चंद्र दिसला, सोमवारी ३१ तारखेला ईद झाली. पाडव्याचं श्रीखंड आमच्याकडे आलं, आमचा शिरखुर्मा त्यांच्याकडे गेला.

हे वाटपाचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि त्यात काही अवघड नसतं. डबा दारात द्यायचा, "ईद मुबारक" घ्यायचं आणि परत यायचं. पण गल्लीला एकत्र बसवून जेवू घालायचं ठरवलं की गोष्ट वेगळी होते. डब्यातलं खाल्लं की टाकून दिलं, हे कुणाला कळत नाही. पंगतीत बसलेला माणूस मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून आमंत्रण द्यायच्या आधी त्या माणसाच्या जागी बसून विचार करावा लागतो. यंदा आमच्या गल्लीने पहिल्यांदाच असं जेवण केलं. त्यात काय जमलं आणि काय फसलं ते या महिन्यात सांगते, कारण बकरी ईदच्या आधी बऱ्याच वाचक भगिनी असला बेत आखत असतील.

आमची गल्ली कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली. चौतीस उंबरे. त्यांत नऊ घरं आपली, दोन जैन, पाच लिंगायत, एक ख्रिश्चन, एक ब्राह्मण आजीबाई आणि बाकी मराठा व इतर. कल्पना आमच्या पोरांची. त्यांना बिर्याणी करायची होती, मंडप घालायचा होता, साउंड लावायचा होता आणि नगरसेवकाला बोलवायचं होतं. यातलं एकही शेवटी झालं नाही, पण भांडण मात्र चांगलं चार दिवस चाललं.

पहिलं भांडण बिर्याणीवरून. माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं असं, की ईद आपली, तर आपलं जेवण आपल्यासारखं का नको? लपवायचं काय आहे? त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण जैन आणि लिंगायत मिळून सात घरं, शिवाय आजीबाई, म्हणजे आठ घरं अशी की शेजारच्या हंड्यात मटण शिजतंय म्हटल्यावर ती येणारच नाहीत. आली तर चमचा कुठल्या हंड्यातला म्हणून घास घशाखाली उतरणार नाही. दोन चुली, दोन पंगती करता येतात. पण मग एकाच मंडपात "हे इकडचे, ते तिकडचे" अशी रेघ आपणच मारतो. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला: पहिल्या वर्षी सगळं शाकाहारी, आणि ज्याला मटण हवं त्याने कधीही घरी यावं, दार उघडंच आहे. गंमत म्हणजे रुसले ते आमचे मराठा शेजारी. "रविवारी बोलवायचं आणि मटण न्हाई व्हय?" असं एका काकांनी अगदी जाहीर विचारलं. कोल्हापुरात रविवारी पांढऱ्या-तांबड्याशिवाय आमंत्रण म्हणजे तसा अपमानच.

तारीख ठरवताना पंचांग आणि आपलं कॅलेंडर शेजारी ठेवून बसलो. खरं तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यातच बहुतेक बेत चुकतात. ईदनंतरचा पहिला रविवार ६ एप्रिल, तर त्या दिवशी रामनवमी. मंगळवारी ८ तारखेला एकादशी. गुरुवारी १० तारखेला महावीर जयंती, म्हणजे जैन घरं आपल्या कार्यक्रमात. शनिवारी १२ तारखेला चैत्री पौर्णिमा, जोतिबाची मोठी यात्रा. त्या दिवशी आमची अर्धी गल्ली वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर असते. १४ तारखेला आंबेडकर जयंती. १६ ला संकष्टी. शिवाय वारांचं गणित वेगळं: सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपास. राहिला तो रविवार १३ एप्रिल. यात्रेहून लोक थकून येतील ही भीती होती, पण सगळे गल्लीत असतील हेही खरं होतं. तोच धरला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, की ही आकडेमोड दर वर्षी नव्याने करावी लागते. आपलं हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी मागे सरकतं. त्यांचं पंचांग अधिक महिना घालून पुन्हा जागेवर येतं. पुढच्या वर्षी पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद त्याच्याच आगेमागे असेल. पण २०२६ मध्ये अधिक महिना येतोय, त्यामुळे २०२७ चा पाडवा एप्रिलात जाईल आणि ईद मार्चमध्येच मागे राहील. यंदा जमलेली तारीख पुढे जमेलच असं नाही.

वेळेचा पेच मात्र मला स्वतःला आधी सुचला नव्हता. आपल्याला वाटतं, मगरिबनंतर निवांत जेवण, म्हणजे साडेसात-आठ. पण जैन माणूस सूर्य मावळल्यावर जेवत नाही. एप्रिलच्या मध्यात कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, आणि नेमकी तीच आपली मगरिबची वेळ. म्हणजे आमची नमाज सुरू होताना त्यांचं ताट बंद झालेलं हवं. त्यातच आमच्या घरांतल्या चार-पाच जणी शव्वालचे सहा रोजे पुरे करत होत्या. त्यांना सूर्य मावळल्याशिवाय खाता येत नव्हतं. एकाला मावळायच्या आत संपवायचंय, दुसरीला मावळल्यावर सुरू करायचंय. यावर तोडगा असा काढला: पहिली पंगत साडेपाचला, सव्वासहापर्यंत उठेल अशी, जैन घरं, म्हातारी माणसं, लहान मुलं तिच्यात. मग मगरिबची अर्ध्या तासाची सुट्टी. दुसरी पंगत सव्वासातला. पहिल्या पंगतीला वाढणाऱ्या आमच्या रोजेदार बायका होत्या. आपलं तोंड कोरडं ठेवून दुसऱ्याला आग्रह करताना त्यांना बघून एक जैन वहिनी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पर्युषणात आम्ही असंच करतो."

त्यामुळे एक अडचणही आली. स्वयंपाकावर देखरेख करणाऱ्या दोघी रोजेदार, आचारी उन्हाने हैराण, आमटीत मीठ पुरेसं पडलंय की नाही चाखणार कोण? समोरच्या काकूंना हाक मारली. त्यांनी चुलीपाशी येऊन पळीतून तळहातावर थेंब घेतला, चाखला आणि आणखी एक मूठ मीठ टाकायला लावलं. त्या दिवशीच्या सगळ्या जेवणाची चव त्यांच्या जिभेची होती.

आमंत्रण कसं दिलं ते सांगते. पोरांनी मोबाइलवर कार्ड बनवलं होतं: मशिदीचा मिनार, मंदिराचा कळस, हातात हात आणि वर "सर्वधर्मसमभाव स्नेहभोजन". मी ते बाजूला ठेवायला लावलं. शेजाऱ्याला जेवायला बोलवताना "तू वेगळ्या धर्माचा आहेस म्हणून बोलावतोय" हे आधी सांगायचं कशाला? हळदीकुंकवाला मला बोलावतात तेव्हा "सर्वधर्मीय हळदीकुंकू" म्हणत नाहीत, नुसतं "ये गं" म्हणतात. आम्ही दोघी-दोघी जणी घरोघर गेलो, आठवडा आधी, संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधीच्या वेळेला. बायकांनी बायकांना सांगितलं, कारण घरात जेवणाचं "हो-नाही" स्वयंपाकघर ठरवतं. सोबत एक साधी चिठ्ठी होती. तिच्यात एवढंच: "ईदनिमित्त आपल्या गल्लीचं जेवण. रविवार १३ एप्रिल. जेवण पूर्ण शाकाहारी; कांदा, लसूण, बटाटा नाही. भांडी शाकाहारी स्वयंपाकाची, आचारी शाकाहारी. पहिली पंगत साडेपाच, दुसरी सव्वासात. भाषणं नाहीत, फोटो नाहीत. भेटवस्तू आणू नये."

चिठ्ठीतला एकेक शब्द कुणाच्या तरी मनातल्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होता. "भांडी कुठली?" हे शेजारीण कधी विचारणार नाही, ती फक्त "बघते, जमलं तर येते" म्हणेल. मंडपवाल्याकडून भाड्याने येणाऱ्या पातेल्यांत काल काय शिजलं होतं कुणाला ठाऊक? म्हणून आम्ही लिंगायत शेजाऱ्यांकडूनच त्यांच्या मंडळाची भांडी मागून आणली, पळ्या आणि डावांसकट. भांडी त्यांची म्हटल्यावर शंका आपोआप मिटली. आणि मागून आणल्यामुळे दुसरंही एक झालं: ती घरं पाहुणी राहिली नाहीत, यजमानांत मोडली.

फोटो नको हे का, तेही सांगायला हवं. हल्ली असल्या जेवणाचे फोटो दहा मिनिटांत गावभर फिरतात. आपल्याला वाटतं चांगलं काम दिसलं. पण जेवायला आलेल्या माणसाला त्याच्याच नात्यातला कुणी दुसऱ्या दिवशी "काय, तिकडे जेवायला लागलात?" असं विचारतो आणि पुढच्या वर्षी तो माणूस येत नाही. २०२३ च्या ७ जूनला या शहरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद, मग दगड, मग इंटरनेट बंद. तेव्हापासून आमच्या गल्लीत उघड काही बिघडलं नाही, पण एका घरातले काका आमच्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही, नुसती मान खाली घालून पुढे जायचं. माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा मला पहिल्यांदा रंकाळा दाखवायला नेलं होतं त्यांच्याच बायकोने. त्या दारातही आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो. त्या वहिनींनी ती घेतली, दोनदा वाचली आणि "फोटो नाहीत ना?" एवढंच विचारलं.

नगरसेवकाला बोलावलं नाही याचंही कारण जवळपास तेच. रमजानमध्ये इफ्तार पार्ट्या होतात, टोप्या घातलेले पुढारी येतात, खजूर तोंडात धरून फोटो निघतात. त्याला माझी हरकत नाही, ते त्यांचं काम. पण तिथे शेजारी येत नाही, कार्यकर्ता येतो.

पैशांबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. जकात आणि फित्र्याचे पैसे यात वापरायचे नाहीत. फित्रा गरिबाला आणि तोही ईदच्या नमाजआधी पोहोचायला हवा. जकात कुणाला द्यायची ते कुराणातच ठरवून दिलंय. शेजाऱ्यांचं जेवण हे आपल्या खिशातलं. नऊ घरांनी प्रत्येकी १,२०० रुपये काढले, १०,८०० जमले. खर्च १०,४०० झाला. त्यात आचाऱ्याची मजुरी, खुर्च्या, पत्रावळ्या-द्रोण आणि सुका मेवा हे मोठे आकडे; धान्य-भाजीला फारसं लागलं नाही. इतर घरांनी "आमचे पण घ्या" म्हटलं, ते घेतले नाहीत. हे गल्लीचं जेवण असलं तरी ईद आपली, म्हणून पहिल्या वर्षी यजमानपण आपलं.

नव्वद माणसांचा अंदाज धरला होता: चौतीस घरं, घरटी सरासरी अडीच-तीन. तांदूळ नऊ किलो, कणीक सहा किलो, तूरडाळ साडेतीन किलो. तोंडली घालून मसालेभात, पुरी, ढबू मिरचीची पीठ पेरून भाजी, आमटी, काकडीवर लिंबू पिळून कोशिंबीर आणि शिरखुर्मा. आधी बेतात कढी होती. यादी दाखवायला गेले तेव्हा जैन वहिनींनी अलगद विचारलं, "कढीत बेसन घालता ना?" मग कळलं, की दही-ताक आणि डाळ एकत्र आले की त्याला त्यांच्यात द्विदल म्हणतात आणि काटेकोर पाळणारे ते खात नाहीत. शिरखुर्म्यातलं अंजीरही त्यांनीच काढायला लावलं. कांदा-लसूण वगळलं म्हणजे झालं अशी आपली समजूत असते. यादी आधी दाखवली नसती तर त्यांनी मुकाट्याने पानातलं बाजूला सारलं असतं आणि आपल्याला कळलंही नसतं.

तरी घोटाळा झालाच. कोल्हापूरचा आचारी आणि कांदा-लसूण चटणी यांना वेगळं करणं म्हणजे पाण्यातून मासा काढणं. त्याला चार वेळा बजावलं होतं. त्याने कांदा चिरला नाही, लसूण सोलला नाही, आणि आमटीला फोडणी देताना सवयीने डब्यातली लाल चटणी दोन डाव टाकली. त्याच्या लेखी ती चटणी म्हणजे नुसतं तिखट. वास आला तेव्हा पाच वाजले होते. माझी जाऊ म्हणाली, थोडीच तर आहे, कोणाला कळणार? मला वाटतं, सगळ्या बेतात तो एक क्षण खरा होता. कळलं नसतं हे खरं. पण नंतर कधी आचाऱ्याच्या तोंडून निघालं असतं, तर त्या दोन घरांनी आपल्या हातचं पाणीसुद्धा पुन्हा घेतलं नसतं आणि त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. ती आमटी बाजूला काढली, झाकणावर खडूने "कांदा-लसूण" लिहिलं. काकूंच्या घरच्या कुकरमध्ये दीड किलो डाळ दोन खेपांत लावून साधं वरण केलं, वर तूप-जिऱ्याची फोडणी. पंगत बसल्यावर मी उभी राहून सांगितलं, की आमटीत चूक झालीय, ज्यांना चालत नाही त्यांनी वरण घ्यावं. कुणी काही बोललं नाही. आजीबाईंनी वरणाकडे बोट दाखवलं.

शिरखुर्म्याचं प्रमाण बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते. गंगावेशीतून ताजं म्हशीचं दूध आणलं, बारा लिटर. म्हशीचं दूध दाट, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आणि सतत ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर करपलेला वास सगळ्यात उतरतो. खारीक एक किलो, आदल्या रात्री भिजत घालून उभी चिरलेली. ती दुधातच शिजवायची, तिचा गोडवा उतरतो. साखर सव्वा किलोवर नेऊ नका. बारीक शेवया फक्त सहाशे ग्रॅम. घरी आपण चार लिटरला जेवढ्या अंदाजाने टाकतो त्या हिशेबाने इथे गेलात तर तासाभरात खीर चमच्यात उभी राहील, कारण शेवया थांबल्या तरी दूध पीतच राहतात. म्हणून तुपात भाजून तयार ठेवायच्या आणि पंगत बसायच्या वीस मिनिटं आधी, दोन पंगतींसाठी दोन वेळा टाकायच्या. मधुमेहवाल्यांसाठी बिनसाखरेचं एक छोटं पातेलं वेगळं केलं. नुसत्या खारकेवर ते पुरेसं गोड होतं.

याशिवाय एका कोपऱ्यात केळी, मोसंबी, खजूर, बदाम आणि खोबऱ्याचे तुकडे ठेवले होते. ते कुणासाठी, हे जाहीर केलं नाही. काही माणसं दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं कुठेच खात नाहीत. ते आपल्याविषयीचं मत नसतं, त्यांचा नेम असतो. आणि काहींच्या मनात खरंच अडी असते, पण पाऊल पडलेलं असतं. दोघांनाही हातात धरायला काहीतरी हवं. केळं घेऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाला "जेवा की" असा आग्रह करू नये, हे पोरांना आधी सांगून ठेवलं होतं.

यजमान म्हणून आपल्याच काही घरांतून शंका आली होती, की ईदचं जेवण बिगरमुस्लिमांना देण्यात दीनी अडचण नाही ना? इमाम साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केलंय, की जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घरातून काढलं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यापासून तो तुम्हाला रोखत नाही. दुसरं, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी घरच्यांना विचारलं, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का? आणि शेजाऱ्याच्या हक्काविषयी पैगंबरांचं, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, म्हणणं त्यांना ऐकवलं. हजरत अबू जर यांना तर रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्याला द्यायला सांगितलं होतं. आम्हा कोल्हापूरकरांना रश्शात पाणी वाढवणं जिवावर येतं, पण कारण तसं असेल तर चालेल.

कोल्हापूरला एकत्र जेवण्याचा इतिहास सोपा नाही, हे मुलांना मी मुद्दाम सांगितलं. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं होतं, पण ते व्यवहारात एकाच समाजाच्या मुलांचं झालं. मग १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी केली. आपली मुस्लिम बोर्डिंग १९०६ ची. ज्या काळात मुलं एका स्वयंपाकघरात जेवू शकत नव्हती, त्या काळात शिक्षण थांबू नये म्हणून काढलेली ती वाट होती. आणि तेच महाराज गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा पीत. आपल्या ईदची नमाज दसरा चौकात ज्या बोर्डिंगच्या पटांगणावर होते, तिथून परतताना मुलांना हे ठाऊक असावं. पुढे अनंत हरी गद्र्यांनी महाराष्ट्रात सहभोजनं घातली ती झुणका-भाकरीची, हेही लक्षात घेण्याजोगं. स्वस्त, साधं, कुणाला नको म्हणता येणार नाही असं.

नव्वदांपैकी शहात्तर आले. आमच्या नऊ घरांतले वगळले तर पन्नासच्या आसपास. ब्राह्मण आजीबाई पहिल्या पंगतीला पहिल्या आल्या. ख्रिश्चन कुटुंबाचा त्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ते प्रार्थनेहून थेट दुसऱ्या पंगतीला आले. जोतिबाहून परतलेल्यांच्या कपाळावर अजून गुलाल होता. पाच घरांतून कुणीच आलं नाही. का, ते विचारलं नाही. ज्या काकांविषयी वर लिहिलंय ते जेवायला आले नाहीत. साडेसातला, दुसरी पंगत निम्मी झाली असताना, येऊन बाहेर उभे राहिले आणि पोराला म्हणाले, दिव्याची वायर पायात येतेय, वर बांधा. मग स्वतःच स्टुलावर चढून बांधली आणि निघून गेले. वहिनी आणि दोन्ही मुली आत जेवत होत्या.

भात दोन किलोभर उरला, शिरखुर्मा उरला नाही. आता गोष्ट उलट्या बाजूने आली आहे आणि मला वाटतं तिचा आपण आधी विचार करत नाही. लिंगायत वहिनींनी भांडी परत नेताना सांगितलं, की ३० एप्रिलला बसव जयंतीचा महाप्रसाद आहे, सगळ्यांनी यायचं. आमच्याकडच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. नैवेद्य दाखवलेलं आपण खात नाही. त्यांनी आमच्याकडे येताना भांडी, कांदा, सूर्यास्त असे सगळे प्रश्न मनात ठेवले होते, आणि आम्ही ते न विचारता ओळखले म्हणून त्या आल्या. आता त्यांनी आमचं ओळखायचं की आम्ही सांगायचं? मी सांगितलं. म्हटलं, वहिनी, येणार नक्की, पण देवापुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही, राग मानू नका. त्या म्हणाल्या, "अगं, माहीत आहे. तुमच्यासाठीचं मी नैवेद्याच्या आधीच डब्यात काढून ठेवते. तुझ्या सासूबाईंसाठी माझ्या सासूबाई पण काढायच्या." मी सासूबाईंना घरी येऊन विचारलं. त्यांनी भांड्याच्या फळीवरून एक जुना पितळी डबा काढून दाखवला. झाकणावर खिळ्याने कोरलेलं वहिनींच्या सासूचं नाव होतं. तीस वर्षांपूर्वी आला होता, परत द्यायचा राहून गेला. तीस तारखेला तोच घेऊन गेलो.